वकीलबाईंचा प्रश्न

आमच्या वहिनीला डॉक्टर लोक पाठीमागे ‘वकीलबाई’ म्हणतात. तिला त्याचं काही वाटत नाही. मला वाटतं, आणि मी ते बोलूनही दाखवते, कारण मी तिची मोठी नणंद आहे आणि आमच्या घरात तोंड चालवायचं खातं पहिल्यापासून माझ्याकडेच आहे.

आमची दातांची लॅब आहे. दात काढायची नव्हे, दात करायची. दाताचे डॉक्टर पेशंटच्या तोंडाचं माप घेऊन आमच्याकडे पाठवतात आणि आम्ही त्यावरून कवळ्या आणि कॅप बनवून देतो. घराच्या खालच्या दोन खोल्यांत माझ्या वडिलांनी हे सुरू केलं. भावाला प्लास्टरचा वास सहन होईना, तो बँकेत चिकटला. वडिलांचं कसब उचललं ते सुनेनं. आता प्लास्टरचे साचे ओतणं, पॉलिश करणं, स्कूटरवरून माल पोचवणं आणि डॉक्टरांची बोलणी खाणं ही कामं माझी. दातांना हात लावणार फक्त वहिनी. तिच्या टेबलावर एक दिवा, मेण वितळवायचा छोटा बर्नर आणि तिचा चष्मा. त्या टेबलाजवळ मी शिंकले तरी ती माझ्याकडे अशी बघते की मीच नाक धरून बाहेर जाते.

पूर्वी डॉक्टर कागदावर सगळं सविस्तर लिहून पाठवायचे. आता फोनवर मेसेज येतो. दोन पेशंटच्या मधल्या मिनिटात, एका हातानं, लिफ्टमधून, कधी जेवता जेवता. ‘ती कालची जरा लवकर दे.’ ‘रंग थोडा उजळ घे.’ ‘काकूंचं खालचं टोचतंय, बघ जरा.’ कुठल्या काकू, किती उजळ, कुठे टोचतंय, हे सगळं आपण समजून घ्यायचं.

लोकांना वाटतं वहिनी ऊठसूट प्रश्न विचारते. साफ खोटं. आई वरून ओरडते, ‘काहीतरी कर गं जेवायला,’ तर वहिनी एक अक्षर न विचारता कुकर लावते. मी असते तर काय करू, किती करू, कोण कोण जेवणार, असा आईचा जीव खाल्ला असता. लॅबमध्येही तसंच. ‘ती कालची’ म्हटल्यावर ती पाठवणाऱ्याकडून काल काय काय आलंय ते बघते. एकच आलेलं असेल तर विषय संपला. ‘थोडा उजळ’ म्हटलं की ती एक शेड उजळ दात मेणात बसवते आणि डॉक्टरांना लिहिते, ‘एक शेड उजळ घेतलीय, ट्रायला बघून सांगा.’

“मेणात आहे तोवर काय बिघडतंय ताई,” ती म्हणते. “नाही आवडलं तर पुन्हा लावू. त्यासाठी त्यांचा फोन कशाला वाजवायचा?”

हा ट्राय म्हणजे काय ते सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. कवळीचे दात आधी गुलाबी मेणात बसवतात. ती मेणाची कवळी पेशंटच्या तोंडात घालून बघायची, दात हलवायचे तर हलवायचे. पसंत पडली की ती प्लास्टरमध्ये बंद करायची, गरम पाण्यानं मेण काढून टाकायचं, त्या जागी अॅक्रिलिकचं प्लास्टिक दाबून भरायचं आणि पाण्यात कित्येक तास मंद आचेवर शिजवायचं. मेणात सगळं माफ असतं. एकदा शिजली की कवळी दगडावरची रेघ. प्लास्टरचा पांढरा गोळा हातात घेतला की वहिनीचा चेहराच बदलतो, आणि तिचे जे काही प्रश्न असतात ते सगळे त्या गोळ्याच्या अलीकडचे असतात.

आमचं निम्मं काम ज्या एका डॉक्टरांकडून येतं, त्यांना हेच पटत नव्हतं. माणूस हाताचा चांगला, पेशंटसाठी मरमर मरणारा, पण सकाळपासून रात्रीपर्यंत लोकांच्या तोंडात वाकून त्यांची मान आणि सहनशक्ती दोन्ही आखडलेली. मागच्या आठवड्यात एका कॅपचं माप दोन ठिकाणी फाटलेलं आलं. वहिनीनं विचारलं, नवीन माप घेता का. त्यांनी मलाच फोन केला.

“तुमच्या वकीलबाईंना सांगा, मला उलटतपासणीला वेळ नाही. नव्या बिल्डिंगमध्ये लॅब उघडलीय, ते लोक काही विचारत नाहीत. माल येतो, बसतो, संपलं.”

मी ते वहिनीला जसंच्या तसं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. त्या रात्री भाऊ म्हणाला, “थोडे दिवस प्रश्न विचारणं बंद कर ना. बघू.” तिनं मान हलवली. मानेचा अर्थ मला लागला नाही, त्याला लागला असं त्याला वाटलं.

आता त्याच डॉक्टरांच्या एका पेशंट आजोबांची गोष्ट.

आजोबांची वरची कवळी मोडली होती. बरोबर मधून, समोरच्या दोन दातांमधून उभी चिरली होती. डॉक्टरांनी ती नमुना म्हणून पाठवली आणि नवी करायला सांगितली. त्या जुन्या कवळीत समोरच्या दोन दातांत चांगली ठळक फट होती. मी हातात घेऊन हसलेच होते. वहिनीनं पहिल्या ट्रायला दात सरळ आणि जवळजवळ बसवले, कारण डॉक्टरांनी फटीबद्दल काही लिहिलं नव्हतं, आणि अशी फट असलेली कवळी तिथूनच मोडते हे तर समोर दिसत होतं. डॉक्टरांनाही ते आवडलं, फक्त दात मोठे वाटले. जुनी कवळी आजोबांना परत दिली. दुसऱ्या ट्रायला वहिनीनं दात लहान घेतले आणि जरा तिरके केले, उतारवयाच्या माणसाला शोभतील असे.

दुसरी ट्राय दुपारी डॉक्टरांकडून परत आली, आणि मागोमाग मेसेज आला. ‘आजोबांना पहिलेच बरे वाटतात. तसेच करून पक्कं करून टाका. उद्या सकाळी निघतायत, बायकोला मुलाकडून घरी आणायला. मग तिला सोडून महिनोन्महिने क्लिनिकला येता येणार नाही म्हणतात. सकाळी पाहिजेच.’

मी मेसेज मोठ्यानं वाचला आणि प्लास्टर भिजवायला पाणी घेतलं. पहिले म्हणजे पहिल्या ट्रायचे. मोठे, सरळ. वहिनी प्रत्येक ट्रायचा फोटो काढून ठेवते, त्यामुळे ते पुन्हा बसवणं अवघड नव्हतं. चारच्या आत प्लास्टरमध्ये गेली नाही तर सकाळी मिळणार नाही, एवढीच घाई होती.

वहिनी उठली नाही. ती ट्रायच्या डब्याकडे बघत होती.

“ताई, हे कुठून आलं?”

डब्यात मेणाच्या कवळीखाली टिशूत गुंडाळलेली जुनी कवळी होती. दोन तुकडे. जी आपण परत पाठवली होती तीच.

“चुकून टाकली असेल रिसेप्शनवरच्या पोरीनं,” मी म्हटलं.

“असेल.”

“मग?”

“मग असं, की डॉक्टरांच्या दृष्टीनं पहिले म्हणजे पहिल्या ट्रायचे. आपल्या दृष्टीनंही तेच. पण पेशंट कुठे ट्राय मोजतो? त्याच्या दृष्टीनं पहिले म्हणजे जे इतकी वर्षं तोंडात होते ते.” तिनं तुकडे उजेडात धरले. “आणि त्या मेसेजबरोबर हे डब्यात येतं.”

मला तेव्हाच तिचं भावापुढचं ते मान हलवणं आठवलं. मी म्हटलं, “हे बघ, दहातल्या नऊ वेळा पहिल्या ट्रायचेच असणार.”

“हो. मलाही तसंच वाटतं.”

“मग कर ना!”

“करीनही. फक्त ही दहावी वेळ असली तर आजोबा ती तोंडात घेऊन गाडीत बसलेले असतील. मग मी काय करू, गाडीमागं धावू?”

तिच्याशी भांडताना हाच त्रास आहे. ती आवाज चढवत नाही. आपण चढवतो आणि आपणच वेडे दिसतो.

तिनं आधी काम सुरू केलं. दोन्ही अर्थांत जे सारखंच होतं ते उरकून घेतलं. मागच्या दाढा पक्क्या केल्या, हिरड्यांचं मेण गुळगुळीत केलं, कडा बंद केल्या. समोरचे दोन दात तेवढे सैल ठेवले. मग फोन घेतला आणि डॉक्टरांना दोन फोटो पाठवले. एक पहिल्या ट्रायचा, एक जुन्या तुकड्यांचा. खाली लिहिलं, ‘आजोबांचे समोरचे दात यातले कुठले करू, एक की दोन? चारला प्लास्टर करायचंय.’

“एवढंच?” मी म्हटलं.

“एवढंच. त्यांना एक बोट लावून उत्तर देता आलं पाहिजे. लांबण लावली तर वाचणारच नाहीत.”

उत्तर आलं नाही. मेसेज पोचला होता, वाचलेला नव्हता. मी क्लिनिकला फोन लावला. रिसेप्शनवरच्या मुलीनं आवाज खाली आणून सांगितलं की सर आत आहेत, दाढ शस्त्रक्रियेनं काढतायत, वेळ लागेल. मी म्हटलं, आत जाऊन विचार, फोटो दाखव. ती गेली. मला पावलांचा आवाज आला, दार उघडल्याचा, डॉक्टरांचा एक तुटक शब्द, आणि दार लागल्याचा.

“सर म्हणाले मेसेजमध्ये लिहिलंय तसं करा.”

“फोटो बघितले का त्यांनी?” वहिनीनं माझ्या हातातून फोन घेत विचारलं.

“हातात ग्लोव्हज होते हो. मी म्हटलं लॅबचा फोन आहे, आजोबांच्या दातांचं विचारतायत. तर तसं म्हणाले.”

फोन बंद झाला. मी सुटकेचा श्वास टाकला. “झालं. मिळालं उत्तर. आता जे काय असेल ते त्यांच्या डोक्यावर.”

“हे उत्तर कसलं? आपण ज्याबद्दल विचारलं तेच आपल्याला परत वाचून दाखवलं.”

“वहिनी, ऐक माझं. विचारलं ना? विचारल्याचा मेसेजही आहे. उद्या काही झालं तर दाखवू.”

ती पहिल्यांदाच जरा चिडली. “मी हात झटकायला विचारलं नव्हतं ताई. डोकं कुणाचंही असो, तोंड त्या माणसाचं आहे.”

मी काय काय सुचवलं नाही! दोन्ही करून टाक म्हटलं. एकच साचा आहे आणि तेवढा वेळ नाही, म्हणाली. आजोबांनाच फोन कर म्हटलं. पेशंटचा नंबर आमच्याकडे नसतो, आणि असता तरी डॉक्टरांना वगळून पेशंटशी बोललो असतो तर उद्यापासून एकाही डॉक्टरनं आम्हाला दारात उभं केलं नसतं. हे मलाही ठाऊक होतं. घड्याळाकडे बघणं मला सोसवेना, म्हणून मी प्लास्टरसाठी घेतलेल्या पाण्याकडे बघत बसले.

मग वहिनीनं स्टीलच्या डब्यात गार पाणी घेतलं, मेण मऊ पडू नये म्हणून ट्राय त्यात ठेवली, जुने तुकडे पदराच्या टोकात बांधले आणि म्हणाली, “स्कूटर काढा.”

मी त्या वेळी जे बोलले ते लिहिण्यासारखं नाही. निम्मं काम या एका दारातून येतं. घराचा हप्ता, आईची औषधं, माझी स्कूटर, सगळं त्यातच. आणि त्या दारात जाऊन, माणसानं स्पष्ट ‘प्रश्न नको’ म्हटलेलं असताना, शस्त्रक्रियेतून त्याला बाहेर बोलवायचं. मी स्कूटर काढली, पण वाटेत एक शब्द बोलले नाही. एरवी मी सिग्नललाही बोलत असते. वहिनी मागे डबा दोन्ही हातांनी धरून बसली होती. मला आरशात तिचा चेहरा दिसत होता, आणि खरं सांगते, तिला भीती वाटत होती. ओठ घट्ट मिटलेले होते.

क्लिनिकच्या बाहेरच्या खोलीत पेशंट बसलेले. रिसेप्शनवरच्या मुलीनं आम्हाला बघून कपाळाला हात लावला. आम्ही उभ्याच राहिलो. आत मशीनचा आवाज चालू होता, थांबायचा, पुन्हा सुरू व्हायचा. वहिनी डब्यावर हात ठेवून दाराकडे बघत होती. शेवटी दार उघडलं. डॉक्टर बाहेर आले, मास्क हनुवटीखाली, कपाळावर टोपीचा वळ.

“वहिनी,” ते म्हणाले. अगदी हळू म्हणाले, आणि तेच वाईट होतं. “मी मेसेज केला होता ना?”

“हो डॉक्टर. एकच विचारायचंय.” तिनं फोनवरचा फोटो पुढे केला आणि दुसऱ्या हातावर जुने तुकडे ठेवले. “यातले कुठले?”

“पहिल्या ट्रायचे. आणखी कुठले?” त्यांनी तुकड्यांकडे बघितलंसुद्धा नाही. “हे विचारायला तुम्ही लॅब सोडून आलात? आत पेशंटचं तोंड सुन्न आहे, तो तसाच बसलाय.”

बाहेरचे सगळे ऐकत होते. मला वाटलं जमीन दुभंगावी आणि त्यात मी, माझी भावजय आणि ते स्टीलचं भांडं गडप व्हावं. म्हणजे आम्ही जो अंदाज करणार होतो तोच बरोबर होता. नव्या बिल्डिंगमधले लोक हसतील, आणि पहिल्या तारखेपासून तेच काम करतील.

“बरं,” वहिनी म्हणाली. “तसंच करते.” ती वळलीही. मग थांबली. “फक्त ही जुनी तुम्हीच ठेवलीत ना डब्यात? म्हणजे मला ती आता परत कुणाला द्यायची ते कळेल.”

“मी नाही ठेवली.”

“आजोबांनी ठेवली,” रिसेप्शनवरची मुलगी बसल्या जागेवरून म्हणाली. “जाताना डबा मागून घेतला, आणि आत घातली. म्हणाले, लॅबवाल्यांना लागेल.”

डॉक्टर आत जायला निघाले होते ते दाराच्या मुठीला हात लावून उभे राहिले. आतून नर्सनं ‘सर’ म्हणून हाक मारली. त्यांनी तिला थांब अशी खूण केली.

“लागेल म्हणाले?”

“हो.”

त्यांनी पहिल्यांदाच वहिनीच्या हातातले तुकडे घेतले. दोन्ही जोडून बघितले. त्या फटीतून त्यांचं बोट दिसत होतं. त्यांच्या मनात काय चाललंय ते मला चेहऱ्यावर वाचता आलं. त्यांनीही दुपारी तेच केलं होतं जे मी करत होते. म्हाताऱ्यानं काहीतरी म्हटलं, घाई होती, त्याचा जो अर्थ पटकन लागला तो धरून पुढे पाठवला.

“नंबर लाव त्यांना,” ते मुलीला म्हणाले. “स्पीकरवर टाक.”

बराच वेळ रिंग वाजली. मग आजोबांचा आवाज आला, दात नसलेला, ओला आणि बोथट.

“आजोबा, तुम्ही मघाशी म्हणालात पहिलेच बरे. पहिले म्हणजे कुठले? मी पहिल्यांदा तुमच्या तोंडात घालून बघितले ते?”

“छे हो. ते कुणाचे होते, मला काय ठाऊक. माझे पहिले. दिलेत ना तुमच्याकडे डबीत.”

डॉक्टरांनी डोळे मिटले. “आजोबा, त्यात मधे फट आहे. तिथूनच तर मोडली.”

“मोडू दे. फट पाहिजे.”

“पण का?”

मग आजोबा म्हणाले, “डॉक्टर, दाताच्या डॉक्टरला असल्या गोष्टी काय सांगायच्या. हिला मेंदूचं दुखणं झाल्यापासून माणसं ओळखू येत नाहीत. दिसतंही कमी. मी घरी आलो की दारातून त्या फटीतून शिट्टी मारायचो. तरुण होतो तेव्हापासून. आधी माझ्या दातांत होती, मग कवळीत करून घेतली. तेवढी एक खूण हिला कळायची. कवळी मोडल्यापासून फोनवर बोलतो तर म्हणते, हा कोण माणूस आहे. घाबरते आणि फोन सुनेच्या हातात देते. उद्या मी तिला न्यायला जाणार, आणि ती परक्याबरोबर यायची नाही म्हणाली तर मी काय करू?”

मला स्वतःचा राग आला, कारण मी मघापासून घराचा हप्ता मोजत होते.

“मग मला सांगितलं का नाहीत आजोबा?” डॉक्टर म्हणाले.

“सांगितलं की. पहिलेच बरे म्हणून.”

डॉक्टरांनी फोन ठेवला. तुकडे वहिनीच्या हातावर परत ठेवताना म्हणाले, “किती फट ठेवाल? चिरली तर नेमकी तिथेच आहे.”

“तुकडे जोडून मोजते. कडा स्वच्छ आहेत, बसतील. आणि मागची बाजू थोडी भक्कम करते, म्हणजे पुन्हा मोडायची नाही.”

“वेळ?”

“आता निघालो तर होईल.”

“निघा,” ते म्हणाले, आणि दार उघडून आत गेले. मग दारातूनच मान बाहेर काढली. “वहिनी, सकाळी तुम्हीही या.”

परतताना मी स्कूटर अशी हाणली की वहिनी मागून दोनदा ‘ताई’ म्हणून ओरडली. तिनं मेणाच्या थेंबानं जुने तुकडे जोडले, फट मोजली, दोन दात एकेक करून सरकवले, पुन्हा मोजले. मी प्लास्टर कालवून तयार उभी होते. एरवी मी तिच्या टेबलाजवळ जात नाही, त्या दिवशी तिच्या खांद्यावरून बघत होते आणि तिनं मला हाकललं नाही. कवळी प्लास्टरमध्ये गेली तेव्हा चार वाजून गेले होते. पुढचं सगळं आम्ही ओढून वेळेत आणलं. कसं, ते विचारू नका. त्या दिवशी घरात जेवण भावानं केलं, आणि आईनं ते मुकाट खाल्लं.

सकाळी आजोबा खुर्चीत बसले होते, पायाशी छोटी बॅग. डॉक्टरांनी कवळी बसवली, दाबून बघितली, चावायला लावलं, आरसा दिला. आजोबांनी आरशात बघितलं नाही. त्यांनी ओठ मागे ओढले आणि फुंकर मारली. नुसती हवा आली.

पुन्हा मारली. हवाच.

वहिनी माझ्या शेजारी उभी होती. तिनं माझं मनगट पकडलं, आणि मला दुखलं तरी मी सोडवून घेतलं नाही. फट मोजून तेवढीच होती. मग काय राहिलं? मला कळलं, तिलाही कळलं. तिनं मागची बाजू भक्कम केली होती.

डॉक्टरांनी घासायचं मशीन उचललं, आणि पुन्हा खाली ठेवलं. ते आजोबांच्या समोर स्टूलवर बसले.

“आजोबा, शिट्टी मारताना जीभ कुठे लागायची? दातांना, की मागे वर?”

आजोबांनी विचार केला. जीभ फिरवून बघितली. “मागे. इथे. इथे आता उंचवटा लागतोय.”

“डावीकडे की उजवीकडे?”

“मधे. अगदी मधे.”

डॉक्टरांनी कवळी काढली, वहिनीला जागा दाखवली, तिनं मान हलवली. त्यांनी तिथे अगदी थोडं घासलं, हाताला गुळगुळीत लागेपर्यंत, आणि पुन्हा बसवली. आजोबांनी ओठ ओढले. आधी हवा, मग हवेत एक बारीक टोक, आणि मग शिट्टी. लहानशी, दोन सुरांची, दुसरा सूर वर जाणारा.

आजोबा हसले नाहीत. त्यांनी खिशातून फोन काढून सुनेला लावला आणि म्हणाले, “तिच्या कानाला लाव.” डॉक्टरांनी त्यांना न विचारता स्पीकरचं बटण दाबलं. पलीकडून श्वासाचा आवाज येत होता.

त्यांनी शिट्टी वाजवली.

काहीच आलं नाही. त्यांनी पुन्हा वाजवली. या वेळी दुसरा सूर जरा फाटला.

“आलात?” पलीकडून म्हाताऱ्या बाईचा आवाज आला. “मग दारात काय उभे राहिलात? या ना आत.”

“आलो, आलो,” म्हणत आजोबा खुर्चीतून उठलेच, गळ्यात बांधलेला कागदी रुमाल तसाच, आणि बॅग उचलून दाराकडे चालू लागले.